बिटकॉइन जागेवर आले, तिप्पट टोकन मात्र आले नाही

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावात राहतो. सहा आठवड्यांपूर्वी एका परदेशी एक्स्चेंजवर बिटकॉइनचे ‘तिप्पट लाँग’ टोकन ५०,००० रुपयांचे घेतले. मधल्या काळात भाव बराच खालीवर झाला, पण आज बिटकॉइन बरोबर माझ्या खरेदीच्या भावावर आहे. तरी टोकनचे फक्त ३९,००० रुपये दिसतात. सर, ही फसवणूक आहे का? थांबलो तर भरून निघेल का? आणि तोटा सावरायला सोबत ‘तिप्पट शॉर्ट’ टोकनही घेऊन ठेवावे का?

उत्तर :

आपण दिलेल्या माहितीवरून मला यात फसवणूक दिसत नाही. टोकनने ज्या नियमाने चालायचे तसेच ते चालले आहे, आणि त्या नियमातच आपले अकरा हजार गेले आहेत. मी बेळगावात बरीच वर्षे वायदेबाजाराचे काम करतो आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी अनेकदा ऐकला आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी गैरसमज एकाच जागी असतो. ‘तिप्पट’ हा शब्द वाचून माणूस असे धरून चालतो की, मी घेतल्यापासून विकेपर्यंत बिटकॉइन जेवढे हलेल त्याच्या तिप्पट मला मिळेल. टोकनचे वचन तसे नसते. ‘आजच्या एका दिवसात बिटकॉइन जेवढे टक्के हलेल त्याच्या तिप्पट’ एवढेच ते वचन असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी पुसून उरलेल्या रकमेवर ते पुन्हा नव्याने सुरू होते.

पाटी पुसण्याच्या या क्रियेला रीबॅलन्सिंग म्हणतात. या प्रकारचे टोकन २०१९ मध्ये प्रथम गाजवणाऱ्या एफटीएक्स या एक्स्चेंजवर ते रोज जागतिक वेळेनुसार ००:०२ वाजता होत असे, म्हणजे आपल्याकडे पहाटे पाच बत्तीसला. टोकनच्या पोटात परपेच्युअल फ्यूचर्सची, म्हणजे मुदत न संपणाऱ्या वायद्यांची, एक पोझिशन असते आणि ती दररोज टोकनच्या त्या वेळच्या मूल्याच्या बरोबर तिप्पट करून ठेवायची असते. झीज कोठून येते हे पाहायचे असेल तर ही पोझिशन दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवली तरी पुरते.

समजा टोकनचे मूल्य १०० रुपये आहे, म्हणजे आतील पोझिशन ३०० रुपयांची आहे, आणि बिटकॉइनचा भावही सोयीसाठी १०० धरू. पहिल्या दिवशी भाव ११० झाला. पोझिशन ३३० ची झाली, ३० रुपये नफा टोकनमध्ये जमा झाला आणि टोकन १३० वर गेले. आता १३० च्या तिप्पट म्हणजे ३९० ची पोझिशन हवी, पण हातात ३३० चीच आहे. म्हणून नियमाप्रमाणे आणखी ६० रुपयांची खरेदी होते, तीही ११० या चढ्या भावाने. दुसऱ्या दिवशी भाव ११० वरून पुन्हा १०० वर आला. ही घसरण ९.०९ टक्क्यांची आहे. ३९० च्या पोझिशनवर तिचा तोटा ३५.४५ रुपये होतो आणि टोकन ९४.५५ वर येते. बिटकॉइन होते तेथेच आहे, पण टोकनचे साडेपाच रुपये गेले.

हे साडेपाच रुपये कोणी काढून घेतलेले नाहीत. पहिल्या दिवशी ११० च्या भावाने जी ६० रुपयांची जादा खरेदी झाली, तिची किंमत भाव १०० वर येताच ५४.५५ उरली, गेलेले ५.४५ रुपये ते हेच. मुळातली ३०० ची पोझिशन न हलवता तशीच ठेवली असती तर ३० मिळाले असते, ३० गेले असते आणि आपण बरोबर १०० वर परतला असता. क्रम उलटा केला, म्हणजे भाव आधी ९० वर पडून मग १०० वर आला, तरी सुटका नाही. पडल्यावर टोकन ७० चे होते आणि २७० ची पोझिशन २१० वर आणण्यासाठी ६० रुपयांचा माल ९० या पडत्या भावात विकावा लागतो. भाव १०० वर परततो तेव्हा तो विकलेला माल हाती नसतो, आणि टोकन ९३.३३ वर अडकते.

आपण निपाणीकडचे आहात, म्हणून तंबाखूच्या वखारीचे उदाहरण चटकन पटेल. एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःला असा नियम घालून घेतला की, भाव चढला की त्याच संध्याकाळी उधारीवर आणखी माल भरायचा आणि भाव उतरला की त्याच संध्याकाळी थोडा माल काढून टाकायचा. भाव महिनाभर एकाच दिशेने चढत राहिला तर या माणसाचे भले होईल. पण हंगामात भाव दोन दिवस वर, दोन दिवस खाली असा तळ्यात-मळ्यात करत राहिला, तर तो दर फेरीला महाग घेणार आणि स्वस्त विकणार. हंगाम संपताना भाव सुरुवातीचाच असेल, पण वखारीतला माल घटलेला असेल. लिव्हरेज्ड, म्हणजे मूळ भावाच्या पटीत हलणारे, टोकन हा असा व्यापारी आहे, आणि त्याला आपल्या नियमातून एक दिवसाचीही सवलत नाही.

आता आपल्या बेचाळीस दिवसांकडे वळू. रोजचे नेमके भाव माझ्यापुढे नाहीत, म्हणून अंदाजासाठी असे धरू की बाजार एक दिवस ४ टक्के चढला आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच उतरून मूळ भावावर आला, असे एकवीस वेळा झाले. एका फेरीत टोकन आधी १२ टक्के चढते, मग ११.५४ टक्के उतरते, आणि १०० चे ९९.०८ होते. फेरीला एक टक्क्याहूनही कमी तोटा असल्यामुळे तो रोज पाहणाऱ्यालाही सहसा जाणवत नाही. पण एकवीस फेऱ्यांचा गुणाकार ०.८२३ येतो, म्हणजे ५०,००० चे ४१,१५० होतात.

त्यावर दोन खर्च येतात. व्यवस्थापन शुल्क एफटीएक्सच्या टोकनवर रोज ०.०३ टक्के असे. आपल्या एक्स्चेंजचा दर माहितीपत्रकात पाहावा, पण तोच धरला तर बेचाळीस दिवसांत सुमारे पाचशे रुपये जातात. दुसरा खर्च फंडिंगचा असून तो पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. परपेच्युअल फ्यूचर्समध्ये लाँग म्हणजे तेजीची आणि शॉर्ट म्हणजे मंदीची बाजू साधारणपणे दर आठ तासांनी एकमेकांना एक रक्कम देतात, तिला फंडिंग म्हणतात, आणि बाजार तेजीकडे झुकलेला असताना ते लाँगवाल्याला भरावे लागते. आठ तासांना ०.०१ टक्के हा बऱ्याच ठिकाणचा सर्वसाधारण दर धरला तरी पोझिशन तिप्पट असल्याने टोकनच्या मूल्यावर तो रोज ०.०९ टक्के पडतो. बेचाळीस दिवसांचे ते सुमारे पंधराशे रुपये होतात. एवढे वजा केल्यावर ३९,१०० च्या आसपास रक्कम उरते, आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील फरक धरला की आपला ३९,००० चा आकडा येतो. माझे गृहीतक बरोबर असल्याचा हा पुरावा नव्हे, कारण खरे दिवस इतके नियमित नसतात. तेवढी झीज अगदी सामान्य चढउतारातूनही होऊ शकते, इतकेच यातून दिसते.

प्रत्यक्षात काय झाले ते आपण स्वतः तपासू शकता, आणि माझ्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ते बरे. स्प्रेडशीटच्या A स्तंभात A2 पासून खाली बिटकॉइनचे रोजचे बंद भाव खरेदीच्या दिवसापासून घाला. बंद भाव जागतिक वेळेनुसार मध्यरात्रीचे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचचे घ्यावेत. B2 मध्ये 1 लिहा, B3 मध्ये खालील सूत्र लिहून खाली ओढा :

```
=B2*(1+3*(A3/A2-1))
```

शेवटच्या ओळीतला आकडा ५०,००० ने गुणला की खर्च न धरता टोकन किती असायला हवे ते कळते. उत्तर आपल्या खऱ्या रकमेपेक्षा पाच-सहा टक्के जास्त आले तर फरक शुल्क आणि फंडिंगचा आहे. तफावत त्याहून बरीच मोठी निघाली तर दोन शक्यता तपासाव्यात. एक म्हणजे आतील पोझिशनवरून निघणारे टोकनचे निव्वळ मूल्य आणि बाजारातला व्यवहाराचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदीच्या दिवशी आपण निव्वळ मूल्यापेक्षा चढा भाव दिलेला असू शकतो. दुसरी म्हणजे टोकनचा रीबॅलन्सिंगचा नियम रोजचा नसेल. काही टोकने लिव्हरेज ठरावीक पट्ट्यात असेपर्यंत पोझिशनला हात लावत नाहीत, तर बहुतेक टोकने दिवसाच्या मध्येच मोठी उलथापालथ झाल्यास ठरलेल्या वेळेची वाट न पाहता तातडीचे रीबॅलन्सिंग करतात. पहिल्या प्रकारात झीज थोडी मंदावते, दुसऱ्यात ती एका दुपारीही होऊ शकते. १२ मार्च २०२० रोजी बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक पडले. मध्ये कोठेही विक्री केली नसती तर तिप्पट पोझिशन त्या दिवशी शून्य झाली असती. तातडीच्या विक्रीने असे टोकन जिवंत राहते, पण विक्री तळाशी झाल्यामुळे भाव सावरताना त्याच्या हातात फारसे काही उरलेले नसते.

झिजेच्या वेगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण बिटकॉइन सोडून लहान नाण्यांच्या तिप्पट टोकनांकडे वळणारे तिथेच फसतात. रोजचा चढउतार दुप्पट झाला की झीज दुप्पट होत नाही, ती साधारण चौपट होते. वरच्याच पद्धतीने एक महिना धरला तर रोज २ टक्क्यांच्या हेलकाव्यात तिप्पट टोकन सुमारे साडेतीन टक्के झिजते, ४ टक्क्यांच्या हेलकाव्यात १३ टक्के आणि ६ टक्क्यांच्या हेलकाव्यात जवळजवळ २७ टक्के. प्रत्येक वेळी मूळ नाणे महिन्याच्या शेवटी सुरुवातीच्याच भावावर आहे. लहान नाण्यांत रोजचे ६ टक्के ही काही विशेष गोष्ट नाही.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही आहे. बाजार सलग एका दिशेने गेला तर हाच नियम टोकनधारकाच्या बाजूने काम करतो. भाव ओळीने तीन दिवस १० टक्के चढला तर बिटकॉइन ३३ टक्के वाढते, आणि तिप्पट टोकन ९९ नव्हे तर जवळजवळ १२० टक्के वाढते. ओळीने तीन दिवस १० टक्के पडले तर बिटकॉइन २७ टक्के उतरते आणि टोकन ८१ ऐवजी ६६ टक्के. म्हणून या साधनाला सरसकट वाईट म्हणणे मला पटत नाही. दोन-चार दिवसांच्या एकदिशी हालचालीवर नेमका अंदाज असणाऱ्यासाठी ते बनवलेले आहे. अडचण एवढीच की लोक ते मुदत ठेवीसारखे ठेवून देतात. ही बाब क्रिप्टोपुरती नवीनही नाही. रोज रीबॅलन्स होणाऱ्या लिव्हरेज्ड ईटीएफबद्दल अमेरिकेतील फिनरा या नियामक संस्थेने २००९ मध्येच दलालांना बजावले होते की, एका दिवसापेक्षा अधिक काळ ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारासाठी ही साधने साधारणपणे योग्य नाहीत. बायनान्स या एक्स्चेंजनेही मार्च २०२० च्या अखेरीस एफटीएक्सची टोकने आपल्या व्यासपीठावरून काढली तेव्हा, ग्राहकांना ती नीट कळत नाहीत, हेच कारण दिले होते. पुढे त्यांनी स्वतःची बदलत्या लिव्हरेजची टोकने आणली आणि २०२४ मध्ये तीही बंद केली.

आता ‘थांबलो तर भरून निघेल का’ याकडे येतो. टोकनला आपली खरेदीची किंमत आठवत नसते. त्याच्या लेखी आज ३९,००० रुपये आहेत आणि उद्या त्यांच्यावर तिप्पट चालायचे आहे. ३९,००० चे ५०,००० होण्यासाठी टोकनला २८ टक्के वाढ हवी. बिटकॉइन झटपट आणि सरळ चढले तर सुमारे ८.६ टक्क्यांच्या चढीत ते साधेल. पण पुढचा महिनाही मागच्यासारखाच हेलकावे खात गेला, तर ती १३ टक्क्यांची झीज आणि महिन्याचा खर्च आधी भरून काढावा लागेल, आणि मग आपल्याला केवळ मुद्दल परत मिळण्यासाठी बिटकॉइनने महिनाभरात १५ टक्के वाढायला हवे. ज्याने सहा आठवड्यांपूर्वी ५०,००० चे साधे बिटकॉइन घेऊन ठेवले, तो त्या दिवशी साडेसात हजारांच्या नफ्यात असेल. माझ्या मते निर्णय घेताना हा हिशेब समोर असावा. ‘बिटकॉइन वाढेल का’ हा प्रश्न इथे अपुरा आहे. किती लवकर आणि किती सरळ वाढेल, हे माहीत असल्याशिवाय टोकनमध्ये थांबण्याला आधार नाही.

आपला अंदाज काही महिन्यांचा असेल तर मी टोकन विकून उरलेल्या रकमेचे साधे नाणे घेईन. एखादा सांगेल की त्यापेक्षा तिप्पट फ्यूचर्स घ्यावे, त्यात झीज नाही. पोझिशन रोज बदलत नसल्यामुळे तेवढे खरे आहे, आणि आपल्या मनातले ‘तिप्पट’ खरे तर तेच होते. पण त्यात भाव सुमारे ३० टक्के पडताच पोझिशन सक्तीने बंद होते आणि मुद्दल जाते. फंडिंग तर तिथेही सुटत नाही. टोकनमध्ये रक्कम हळूहळू झिजते आणि फ्यूचर्समध्ये एका रात्रीत जाते, एवढाच पर्याय असेल तर मी तरी दोन्ही टाळेन.

आणि शॉर्ट टोकन सोबत घेण्याचा विचार कृपया सोडून द्या. एक वर जाईल तेव्हा दुसरे खाली येईल आणि बेरीज सांभाळली जाईल असे वाटते, पण हेलकाव्यात दोन्ही झिजतात आणि शॉर्ट टोकन अधिक वेगाने झिजते. कारण पुन्हा रीबॅलन्सिंगमध्येच आहे. १०० रुपयांच्या लाँग टोकनमध्ये भाव ४ टक्के चढला की मूल्य ११२ आणि पोझिशन ३१२ होते. ती ३३६ करण्यासाठी २४ रुपयांची चढी खरेदी करावी लागते. १०० रुपयांच्या शॉर्ट टोकनमध्ये त्याच चढीने मूल्य ८८ वर येते, तर विकलेली पोझिशन ३१२ ची होते. ती २६४ वर आणण्यासाठी ४८ रुपयांची चढी खरेदी करावी लागते, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून ज्या महिन्यात लाँग टोकन १३ टक्के झिजते त्याच महिन्यात शॉर्ट टोकन सुमारे २४ टक्के झिजते. दोन्हींत पन्नास-पन्नास रुपये ठेवले तर महिन्याअखेर १०० चे ८१ उरतात, आणि त्यात शुल्क अजून धरलेलेच नाही. टोकनचा भाव असा कवडीमोलावर आला की काही एक्स्चेंज हजार टोकनांचे एक टोकन करून भाव पुन्हा मोठा दाखवतात. आपल्या टोकनच्या इतिहासात असे एकत्रीकरण सापडले तर ती किंमतवाढ समजू नका, आधीच्या झिजेची ती खूण आहे.

विकण्यापूर्वी कराचा एक मुद्दा लक्षात असू द्या. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढील वर्षासाठी राखूनही ठेवता येत नाही. त्यामुळे आपले हे अकरा हजार करात कोठेही उपयोगी पडणार नाहीत. पुढे साध्या नाण्यात अकरा हजारांचा नफा झाला, तरी त्यावर तीन हजार तीनशे रुपये आणि वरचा उपकर स्वतंत्रपणे भरावा लागेल, म्हणून ‘आधीचा तोटा भरून काढायचा’ आकडा ठरवताना तो अकरा हजारांहून बराच मोठा धरावा लागतो.